दहा लाखांत एक : रस्त्यावरचं पाणी आणि ताऱ्यांची लुकलुक

वैशाखातल्या दुपारी सोलापूरकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर समोर दोनेकशे मीटरवर डांबर ओलं दिसतं. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या ओल्या पट्ट्यात उलटे उतरलेले असतात. गाडी जसजशी पुढे जाते तसतसं पाणीही पुढे सरकतं आणि हाती काही लागत नाही. त्याच रात्री गच्चीवर आडवं होऊन वर पाहिलं, तर तारे लुकलुकत असतात. दुपारचं मृगजळ आणि रात्रीची लुकलुक या दोन्हींचं मूळ एकाच गोष्टीत आहे. हवेतून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग सगळीकडे सारखा नसतो. तो हवेच्या घनतेप्रमाणे बदलतो, आणि घनता तापमानाप्रमाणे बदलते.

प्रकाश एखाद्या पदार्थातून निर्वाताच्या तुलनेत किती मंद चालतो, हे सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५ आणि पाण्याचा १.३३. समुद्रसपाटीवरच्या शून्य अंश तापमानाच्या हवेचा मात्र १.०००२९३, म्हणजे एकाहून अगदी किंचित जास्त. हवा तापली की विरळ होते आणि हा आकडा आणखी एकाजवळ सरकतो. ४० अंश सेल्सिअसला तो सुमारे १.०००२५६ असतो आणि ६० अंशांना १.०००२४०. थोडक्यात, हवा एका अंशाने तापली की तिचा अपवर्तनांक दहा लाखांत जेमतेम एका भागाने कमी होतो.

एवढ्याशा फरकाने अख्खा ट्रक उलटा कसा दिसेल, हा प्रश्न कुणालाही पडावा. काचेच्या लोलकातून प्रकाश सहज वळतो, कारण तिथला फरक मोठा असतो. हवेतला फरक त्याच्या हजारो पटींनी लहान आहे. तरीही तो डोळ्यांना दिसतो, कारण निसर्गात तो मोठा करणाऱ्या दोन युक्त्या आहेत. रस्त्यावर प्रकाश जमिनीला जवळजवळ समांतर, अगदी घासून येतो. ताऱ्याचा प्रकाश हवेतून कित्येक किलोमीटर प्रवास करतो. या दोन युक्त्या नीट समजल्या की दोन्ही देखाव्यांचे बारकावे आपोआप उलगडतात.

तापलेल्या रस्त्यावरचं गणित

उन्हाने डांबर तापतं आणि त्याला चिकटलेली हवाही तापते. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा ४० अंशांची असेल, तर रस्त्याला टेकलेली हवा ६० अंशांपर्यंत जाऊ शकते. महत्त्वाची गोष्ट अशी की हा वीस अंशांचा फरक उंचीवर सारखा वाटलेला नसतो. त्याचा बहुतेक भाग रस्त्याच्या पृष्ठभागाजवळच्या काही सेंटीमीटरांतच उरकतो. त्यामुळे खाली विरळ आणि वर दाट अशी उलटी मांडणी तयार होते. एरवी वातावरणात खालची हवा दाट आणि वरची विरळ असते. ही मांडणी उलटायची तर तापमान उंचीबरोबर किलोमीटरमागे ३४ अंशांपेक्षा जास्त वेगाने घटावं लागतं. रस्त्यालगतच्या पातळ थरात ते त्याच्या हजारो पट वेगाने घटत असतं.

आता लांबच्या क्षितिजाजवळच्या आकाशातून येणारा प्रकाश घ्या. तो किंचित तिरका, रस्त्याकडे उतरत येतोय. प्रकाश म्हणजे लहर, आणि लहरीची आघाडी उभी असते असं समजू. आघाडीचं खालचं टोक गरम, विरळ हवेत असतं, त्यामुळे ते थोडं वेगाने पुढे जातं. वरचं टोक दाट हवेत मागे राहतं. खालचं टोक पुढे आणि वरचं मागे, म्हणजे आघाडी मागच्या बाजूला कलते आणि प्रकाशाची वाट वरच्या दिशेला वळू लागते. रस्त्याला स्पर्श होण्याआधीच किरण वर उचलला जातो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. डोळ्यांना मात्र किरण कुठे वळला हे कळत नाही. तो ज्या दिशेने आत आला, त्या सरळ रेषेत पुढे वस्तू आहे असंच आपण समजतो. ती रेषा रस्त्यावर जाऊन टेकते, आणि म्हणून आकाश रस्त्यावर दिसतं.

किती तिरका किरण अशा रीतीने वर उचलला जाईल? याचा नियम सोपा आहे. डोळ्यांजवळच्या हवेच्या आणि रस्त्याला टेकलेल्या हवेच्या अपवर्तनांकांतला फरक घ्यायचा, त्याची दुप्पट करायची आणि वर्गमूळ काढायचं. ४० आणि ६० अंशांच्या हवेत हा फरक दहा लाखांत सुमारे १५.४ येतो. दुप्पट केल्यावर ३०.८. आता वर्गमूळ काढलं की उत्तर येतं ०.००५५, म्हणजे हजारांत साडेपाच. पहिली युक्ती इथेच आहे. अगदी लहान संख्येचं वर्गमूळ त्या संख्येपेक्षा खूप मोठं असतं. दहा लाखांतल्या पंधरा भागांचा फरक वर्गमूळातून जाताना हजारांतल्या साडेपाच भागांवर येऊन पोहोचतो.

हा कोन अंशांत मोजला तर ०.३२ भरतो, म्हणजे आकाशातल्या सूर्यबिंबाच्या रुंदीपेक्षाही कमी. म्हणून मृगजळ पायाशी कधीच दिसत नाही. पायाशी पाहताना नजर रस्त्यावर बरीच तिरकी पडते आणि तेवढा तिरका किरण वळवण्याची ताकद हवेत नसते. नजर जिथे ०.३२ अंशांपेक्षा कमी तिरकी पडते, तिथून पुढचा रस्ता मृगजळाने झाकला जातो. हिशोबाने डोळ्यांच्या एक मीटर उंचीमागे हे अंतर १८० मीटर येतं. गाडीत बसलेल्या चालकाचे डोळे रस्त्यापासून १.२ मीटरवर असतील, तर त्याला पाणी २१६ मीटरवर सुरू झालेलं दिसेल. शेजारी उभ्या माणसाचे डोळे १.६ मीटरवर असतील, तर त्याला ते २८८ मीटरवर दिसेल. तोच माणूस रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि डोळे अर्ध्या मीटरवर आले, तर पाणी ९० मीटरवर येऊन उभं राहील.

हे सगळ्यांना करून पाहता येण्यासारखं आहे. रहदारी नसलेल्या लांब, सपाट रस्त्याच्या किंवा एखाद्या मोठ्या डांबरी पटांगणाच्या कडेला उभं राहा, पाण्याची जवळची कड कोणत्या खांबाशी आहे ते पाहून ठेवा आणि मग हळूहळू खाली बसा. कड तुमच्याकडे सरकत येईल. खऱ्या डबक्याची कड अशी हलत नाही. हीच कड रस्त्याच्या तापमानाचाही अंदाज देते. सकाळी रस्ता हवेपेक्षा दहाच अंशांनी गरम असेल, तर चालकाला पाणी तीनशे मीटरच्या आसपास दिसेल. दुपारी रस्ता आणखी तापला की ते जवळ येतं. ही मोजणी सपाट रस्त्यावरच चालते. समोर हलका चढ असेल तर चढाच्या माथ्याकडे नजर आपोआपच घासून जाते, आणि पाणी बरंच जवळ दिसू लागतं.

पाण्याचा रंगही याच गणितातून निघतो. वर उचललेला किरण फार तर ०.६४ अंशांनी वळलेला असतो. म्हणजे आपल्याला दिसतं ते क्षितिजाला अगदी टेकलेलं आकाश, आणि उन्हाळ्यात ते निळं नसून पांढुरकं, उजळ असतं. काळ्या डांबरावर हा उजळ पट्टा उमटला की डोळे त्याला पाणी म्हणूनच ओळखतात, कारण रस्त्यावर आकाश दाखवणारी दुसरी वस्तू आपल्या ओळखीची नसते. लांबून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश दोन वाटांनी येतो, एक थोडी वरून जवळजवळ सरळ आणि दुसरी खाली झुकून परत वर आलेली. पहिल्या वाटेने ट्रक सुलटा दिसतो आणि दुसरीने त्याच्याखाली उलटा. फार लांबच्या माणसाचे पाय मात्र अजिबात दिसत नाहीत, कारण त्याच्या पायांपासून निघालेला कोणताच किरण आपल्यापर्यंत पोहोचत नाही. तो वाटेतच उचलला जाऊन आपल्या डोक्यावरून निघून जातो.

मृगजळ हा डोळ्यांचा भ्रम नाही. कॅमेऱ्यातही ते तसंच उमटतं, कारण प्रकाश खरोखर त्या दिशेने येत असतो. चूक होते ती फक्त 'प्रकाश सरळ आला' या गृहीतकात.

मोंझ, रामन आणि पाठ्यपुस्तकातलं चित्र

१७९८ साली नेपोलियनचं सैन्य इजिप्तच्या वाळवंटातून कैरोकडे निघालं, तेव्हा तहानलेल्या सैनिकांना दूरवरची गावं पाण्यात उभी असलेली दिसत होती. जवळ गेलं की पाणी मागे हटायचं. मोहिमेबरोबर गास्पार मोंझ हे फ्रेंच गणिती होते. वाळूवरच्या तापलेल्या हवेच्या थरामुळे हे घडतं, असा उलगडा त्यांनी त्याच वर्षी कैरोत मांडला. दोन वेगळ्या घनतेच्या थरांच्या सीमेवर प्रकाशाचं परावर्तन होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आजही बहुतेक पाठ्यपुस्तकांत मृगजळाला 'पूर्ण आंतरिक परावर्तन' म्हटलेलं असतं आणि चित्रात किरण पंचेचाळीस अंशांनी खाली येऊन आरशावर आपटल्यासारखा वर गेलेला दाखवतात.

त्या चित्रात दोन अडचणी आहेत. पहिली, तो कोन शंभरपटीहून जास्त मोठा काढलेला असतो, त्यामुळे मृगजळ लांबच का दिसतं ही मुख्य गोष्टच झाकली जाते. दुसरी, रस्त्यावर आरशासारखी सीमा नसतेच. तापमान हळूहळू बदलत जातं आणि किरणही हळूहळू वळत जातो. थराथराने किरण काढत गेलं तर एका थरात तो अगदी आडवा होतो. तिथे पोहोचल्यावर पुढे ओलांडायला सीमाच उरत नाही, मग तो वर कशामुळे वळेल? नुसत्या किरणांच्या रेघांनी याचं उत्तर मिळत नाही. लहरीचा विचार केला की मिळतं, कारण आडव्या जाणाऱ्या लहरीचंही खालचं टोक वरच्यापेक्षा वेगानेच जात असतं. सी. व्ही. रामन आणि एस. पंचरत्नम यांनी १९५९ साली नेमक्या याच प्रश्नावर शोधनिबंध लिहिला आणि मृगजळ लहरींच्या गणितानेच समजून घ्यावं लागतं असं मांडलं. रोज रस्त्यावर दिसणाऱ्या गोष्टीतही एवढा खोल प्रश्न दडलेला होता.

हळूहळू वळणारा किरण घरीही पाहता येतो. सपाट बाजूंच्या काचेच्या पेटीत तळाशी साखरेचा घट्ट पाक ओता, त्यावर चमच्याच्या आधाराने हलक्या हाताने साधं पाणी सोडा आणि एक दिवस पेटीला हात लावू नका. पाक आणि पाणी सीमेवर एकमेकांत मिसळतात आणि खालून वर हळूहळू पातळ होत जाणारा थर तयार होतो. मग अंधारात, कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही अशा बेताने, त्या थरातून बाजूने लेझर पॉइंटरचा झोत आडवा सोडा. झोत सरळ न जाता खाली, दाट पाकाकडे वाकलेला दिसेल. दाट बाजूकडे वळायचं हा नियम कायम आहे. रस्त्यावर दाट हवा वर असते म्हणून किरण वर वळतो, पेटीत दाट द्रव खाली असतो म्हणून तो खाली वळतो.

दाट हवा खाली असते तेव्हा

पेटीतला प्रकार वातावरणात रोज घडतो. एरवी दाट हवा खालीच असते, त्यामुळे आकाशातून येणारा प्रकाश पृथ्वीच्या बाजूला वळत येतो आणि आकाशातली वस्तू आहे त्यापेक्षा वर उचललेली दिसते. क्षितिजापाशी हा उचल ३४ कलांचा असतो, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. सूर्यबिंबाची रुंदी ३२ कला आहे. म्हणून मुंबईच्या चौपाटीवर सूर्याची खालची कड समुद्राला टेकलेली दिसते, तेव्हा खरा सूर्य पूर्णपणे क्षितिजाखाली गेलेला असतो. आपल्याला तो मावळताना दिसतो सुमारे अडीच मिनिटं उशिरा.

खालची हवा बर्फामुळे फार थंड आणि वरची उबदार असेल, तर हा उचल अनेक पटींनी वाढतो. उंचीबरोबर तापमान शंभर मीटरमागे सुमारे ११ अंशांनी वाढत असेल, तर प्रकाशाची वाट पृथ्वीच्या गोलाईएवढीच वाकते आणि तो जमिनीला धरून लांबवर जाऊ शकतो. विल्यम बॅरेंट्स या डच दर्यावर्दीचं पथक आर्क्टिकमधल्या नोव्हाया झेम्ल्या बेटावर हिवाळ्यात अडकलं होतं. २४ जानेवारी १५९७ रोजी, सूर्य उगवायला अजून दोन आठवडे असताना, त्यांना क्षितिजावर सूर्याची कड दिसली. तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली सुमारे पाच अंश होता. पथकातल्या गेरिट द व्हेअरने हे लिहून ठेवलं, पण बरीच वर्षं अनेकांना ही नोंद पटली नव्हती.

इथवर जे सांगितलं त्यात हवेचे थर आडवे आणि व्यवस्थित होते. अशा हवेत तारा वर उचललेला दिसेल, पण लुकलुकणार नाही. लुकलुकण्यासाठी हे थर एकमेकांत ढवळले जावे लागतात.

ढवळलेल्या हवेतला तारा

वातावरण कधीच स्वस्थ नसतं. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत वर चढतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर वेगवान वारे शेजारच्या संथ हवेला घासत जातात आणि भोवरे उठतात. या घुसळणीत थंड आणि उबदार हवेचे पुंजके एकमेकांत शिरतात. शेजारच्या पुंजक्यांच्या तापमानात फरक असतो तो अंशाच्या शंभराव्या, फार तर दहाव्या भागाचा. म्हणजे अपवर्तनांकात दहा लाखांत एकाचाही शंभरावा भाग. पण ताऱ्याच्या प्रकाशाच्या वाटेत असे हजारो पुंजके एकामागोमाग येतात. कुठे लहर किंचित पुढे जाते, कुठे मागे पडते. बहुतेक फरक एकमेकांना पुसून टाकतात, तरी शेवटी थोडा शिल्लक राहतोच. दुसरी युक्ती ती हीच.

समजा, दहा सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यात लहरीची आघाडी मध्यभागी कडेपेक्षा ०.१ मायक्रोमीटरने मागे पडली. हिरव्या प्रकाशाच्या लहरीची लांबी ०.५५ मायक्रोमीटर असते, म्हणजे हा फरक एका लहरीच्या पाचव्या भागाहूनही कमी. तरी या खोलगट आघाडीमुळे तो पट्टा बहिर्वक्र भिंगासारखा काम करतो. त्याचं नाभीय अंतर काढलं तर येतं सुमारे साडेबारा किलोमीटर. असं भिंग डोळ्यांसमोर पाच मीटरवर धरलं तर त्याचा काहीच परिणाम जाणवणार नाही, कारण प्रकाश गोळा व्हायला अंतरच मिळणार नाही. पण ते दहा-बारा किलोमीटर उंच असेल, तर जमिनीपर्यंत येईतो प्रकाश बराच एकवटलेला असतो. याउलट शेजारचा विरळ पुंजका अंतर्वक्र भिंगासारखा वागतो आणि प्रकाश पांगवतो. म्हणून ताऱ्याची लुकलुक मुख्यतः उंचावरच्या हवेतून येते. जमिनीलगतची हवा ताऱ्याची दिशा हलवते आणि प्रतिमा पसरवते, पण तिच्यामुळे ताऱ्याच्या तेजात फारसा फरक पडत नाही.

या भिंगांमुळे ताऱ्याचा प्रकाश जमिनीवर सारखा पडत नाही. ऊन पडलेल्या हौदाच्या तळाशी पाण्याच्या हलण्याने प्रकाशाची जाळी सरकत असते, तशीच उजळ-अंधुक ठिगळांची जाळी प्रत्येक ताऱ्यामुळे आपल्या अंगावरून सरकत असते. दहा किलोमीटरवरच्या हवेने पाडलेली ही ठिगळं साधारण सात-आठ सेंटीमीटरची असतात. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली सहा-सात मिलीमीटर उघडते. म्हणजे एका वेळी डोळा एकाच ठिगळात असतो. उजळ ठिगळ आलं की तारा चमकतो, अंधुक आलं की मंदावतो. वारा ही ठिगळं भराभर पुढे नेतो आणि आपण त्याला लुकलुक म्हणतो. ताऱ्यात मात्र त्या वेळी काहीच घडत नसतं.

गुरू का लुकलुकत नाही?

तारा इतका दूर असतो की तो बिंदूच ठरतो. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध. त्याचं बिंब सुमारे ०.००६ विकला रुंद आहे. एका अंशाच्या ३,६०० व्या भागाला विकला म्हणतात, त्याचाही हा दीडशेवा भाग. गुरूचं बिंब ३० ते ५० विकला असतं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही ठिपकेच दिसतात, पण हवेला हा फरक कळतो.

दहा किलोमीटर उंचीवरचं सात सेंटीमीटरचं ठिगळ आपल्याला सुमारे दीड विकलेच्या कोनात दिसेल. गुरूचं बिंब ४० विकला असेल, तर त्याच्या आडव्या व्यासावर अशी पंचवीसेक ठिगळं बसतात आणि पूर्ण बिंबावर काही शेकडा. बिंबाचा प्रत्येक तुकडा आपापली वेगळी जाळी जमिनीवर पाडतो. एकाची उजळ जागा दुसऱ्याच्या अंधुक जागेवर येते आणि बेरीज जवळजवळ स्थिर राहते. म्हणून गुरू शांत तेवताना दिसतो. आकाशात ग्रह ओळखायची ही जुनी खूण बहुतांशी खरी आहे, पण तिला मर्यादा आहेत. मंगळ पृथ्वीपासून लांब असताना त्याचं बिंब चार विकलांवर येतं आणि तो थोडा लुकलुकू शकतो. क्षितिजाजवळ तर शुक्रही थरथरतो, कारण तिथे प्रकाशाला हवेतून फार लांब वाट काढावी लागते.

ही वाट किती लांबते, हे महाराष्ट्रातून अगस्त्य ताऱ्यावर चांगलं दिसतं. तेजात तो व्याधानंतर दुसरा. पण तो दक्षिणेला इतका खाली आहे की पुण्याहून फार तर १९ अंशांपर्यंत वर येतो. त्या उंचीवर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तिप्पट हवा ओलांडून येतो. व्याध मध्यावर असताना ५५ अंश उंच असतो, त्याला जेमतेम सव्वापट हवा लागते. फेब्रुवारीच्या संध्याकाळी हे दोन्ही तारे दक्षिणेला एकाच वेळी दिसतात. आधी वरचा व्याध पाहा, मग खालचा अगस्त्य पाहा. कुणाची लुकलुक जास्त आहे, हे विचारावं लागणार नाही.

तोच व्याध डिसेंबरात संध्याकाळी पूर्वेला उगवत असताना लाल, हिरवा, निळा असे रंग फेकताना दिसतो. निळ्या प्रकाशासाठी हवेचा अपवर्तनांक लाल प्रकाशापेक्षा किंचित जास्त असतो. क्षितिजाजवळ हा फरक वाढून निळा आणि लाल प्रकाश वातावरणात उंचावर थोड्या वेगळ्या जागांवरून येतात, म्हणजे वेगवेगळ्या पुंजक्यांतून. एका क्षणी लाल उजळ असतो आणि निळा अंधुक, दुसऱ्या क्षणी उलट. व्याध वर चढला की दोन्ही वाटा एक होतात आणि रंग थांबतात.

दुर्बिणीला होणारा त्रास

दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा आरसा एकाच वेळी शेकडो ठिगळांतला प्रकाश गोळा करतो, त्यामुळे तिच्यात तारा फारसा लुकलुकत नाही. पण तिला दुसरा त्रास होतो. ठिगळाठिगळातून आलेल्या प्रकाशाची दिशा थोडी वेगळी असते आणि त्या सगळ्यांची मिळून एक पसरट प्रतिमा बनते. अशा आरशाने तत्त्वतः ०.०७ विकलांपर्यंत बारकावे दाखवायला हवेत. चांगल्या जागीही हवा ते एका विकलेच्या आसपास आणून ठेवते, आणि तेवढं तर दहा-पंधरा सेंटीमीटरच्या हौशी दुर्बिणीलाही जमतं. मोठा आरसा प्रकाश जास्त गोळा करतो, पण स्पष्टता वाढवू शकत नाही.

दुर्बीण लांबवून हा दोष जाणार नाही, त्यासाठी उंच डोंगरावरची शांत हवाच हवी, हे आयझॅक न्यूटनने १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथातच लिहिलं होतं. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर हिमालयन चंद्रा दुर्बीण बसवली, ती याच कारणाने. 'आयुका'ची दोन मीटरची दुर्बीण आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर आहे, पुण्यात नाही. १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात सोडून हा प्रश्न मुळातूनच टाळला गेला. जमिनीवरचा उपाय होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली सुचवला होता. हवेने लहरीची आघाडी जितकी वाकवली, तितकाच उलटा वाक आरशाला द्यायचा. आज मोठ्या दुर्बिणींचे लवचीक आरसे सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलतात. किती वाकायचं हे कळायला शेजारी तेजस्वी तारा लागतो. तो नसेल तर नव्वद किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरावर लेझर मारून कृत्रिम तारा तयार करतात.

जाळी उघड्या डोळ्यांनी

ताऱ्याच्या प्रकाशाची जाळी जमिनीवरून सतत सरकत असली, तरी ती इतकी मंद असते की डोळ्यांना दिसत नाही. सूर्य भरपूर तेजस्वी आहे, पण त्याचं बिंब ३२ कला रुंद, म्हणजे जवळजवळ दोन हजार विकला. त्याच्या अगणित जाळ्या एकमेकींवर पडून पुसल्या जातात. खग्रास सूर्यग्रहणात मात्र काही क्षण वेगळे येतात. सूर्य पूर्ण झाकला जाण्याच्या मिनिटभर आधी आणि उघडल्यावर मिनिटभर त्याची फक्त बारीक कोर उरते. त्या कोरीच्या रुंदीच्या दिशेने सूर्य अरुंद होतो, जाळी पूर्ण पुसली जात नाही आणि जमिनीवरून काही सेंटीमीटर रुंदीचे फिकट, वळवळते पट्टे पळताना दिसतात. खगोलप्रेमी त्यांना छायापट्टे म्हणतात. पट्टे कोरीला समांतर असतात, कारण तिच्या लांबीच्या दिशेने जाळी पुसलीच जाते.

२० मार्च २०३४ रोजी भारतातून, लडाख-काश्मीरच्या भागातून, खग्रास ग्रहण दिसणार आहे. तिथे जाणाऱ्यांनी जमिनीवर एक मोठी पांढरी चादर ताणून अंथरावी. खग्रास स्थितीच्या आधीच्या मिनिटात सूर्याकडे न पाहता चादरीकडे पाहावं. पट्टे फार फिके असतात आणि खडबडीत, रंगीत जमिनीवर ते सापडतच नाहीत. हवा फार शांत असेल तर चादरीवरही दिसणार नाहीत, आणि तेही तितकंच बोलकं ठरेल. दिसलेच, तर त्या चादरीवर पळणारे पट्टे म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागांनी वेगळ्या असलेल्या हवेच्या पुंजक्यांची कामगिरी असेल, आणि एरवी रात्रभर प्रत्येक तारा आपल्यावर पाडत असतो तीच जाळी असेल.